दोन भोकं सारखी, वीज घेणारं एकच

आंजर्ल्यात संध्याकाळी सातला लाईट गेली तेव्हा माझ्या लॅपटॉपची बॅटरी अकरा टक्क्यांवर होती. एक मजकूर रात्रीतच पाठवायचा होता. पिशवीत पॉवर बँक होती, म्हणून फारसा घाबरलो नाही. ती लॅपटॉपच्या उजवीकडच्या यूएसबी-सी पोर्टला जोडली आणि टंकत बसलो. वीस मिनिटांत पडदा काळा झाला. रात्री साडेदहाला लाईट आली, तेव्हा अर्धवट झोपेत चार्जर त्याच उजव्या पोर्टमध्ये खुपसला, कारण भिंतीवरचं सॉकेट त्या बाजूला होतं. सकाळी पाहतो तर लॅपटॉप तसाच निपचित. लाईट येता-जाता व्होल्टेज वर-खाली होतं, त्यात चार्जर उडाला असणार, अशी मी मनाची समजूत घातली.

ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंचा पुतण्या पुण्यातल्या एका कंपनीचं काम गावातूनच करतो. त्याने चार्जरची पिन उजवीकडून काढून डावीकडच्या पोर्टमध्ये घातली. बारीक पांढरा दिवा लागला. "काका, सी दोन आहेत, पण चार्जिंग एकातूनच होतं," तो म्हणाला. मी वाद घातला. काल दुपारी याच उजव्या पोर्टवर माझा फोन चार्ज झाला होता. म्हणजे तिथे वीज आहेच की! त्यावर चुलीपाशी बसलेल्या काकू म्हणाल्या, "अहो, आपल्या टाकीला तोट्या तीन आहेत. म्हणून तोटीतून टाकी भरते का? पंपाचा पाइप एकच."

या लेखाचा सगळा विषय त्या वाक्यात आहे. बऱ्याच लॅपटॉपांवरची दोन यूएसबी-सी पोर्टं दिसायला हुबेहूब सारखी असतात, पण एकातून वीज आत येते आणि बाहेरही जाते, तर दुसऱ्यातून ती फक्त बाहेर जाते. दुसऱ्या प्रकाराला कंपन्या 'डेटा ओन्ली' म्हणतात. हे नाव दिशाभूल करणारं आहे, कारण त्या पोर्टमधून पाच व्होल्टची वीज व्यवस्थित बाहेर पडते आणि फोन, माऊस, पेन ड्राइव्ह तिच्यावर चालतात. हे पोर्ट वीज देतं. घेत मात्र नाही.

आकारातून दिशा गेली

हा घोळ आधी नव्हता, आणि का नव्हता ते पाहिलं की पुढचं सोपं होतं. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचं पहिलं मानक आलं तेव्हा ती मुख्यतः माहिती वाहणारी तार होती. वीज सोबतीला होती: पाच व्होल्टवर जास्तीत जास्त अर्धा अँपियर, म्हणजे अडीच वॅट. तारेची दोन टोकं मुद्दाम वेगळी ठेवली होती. चपटं आयताकृती टोक संगणकात जायचं, चौकोनी टोक प्रिंटरमध्ये. वीज नेहमी चपट्या टोकाकडून चौकोनी टोकाकडे जायची. कोण देणार आणि कोण घेणार हे प्लास्टिकच्या आकारानेच ठरवून टाकलं होतं, त्यामुळे उलटं जोडण्याची सोयच नव्हती.

ऑगस्ट २०१४ मध्ये यूएसबी-सीचं मानक जाहीर झालं आणि हा नियम मोडला. आता तारेची दोन्ही टोकं सारखी झाली आणि पिन सुलटी-उलटी कशीही बसू लागली. वापरणाऱ्याची मोठी सोय झाली, पण आकारातून दिशा निघून गेली. लॅपटॉप आणि पॉवर बँक एकमेकांना जोडले तर कोण कोणाला भरणार, हे तारेकडे बघून आता कळत नाही. ते त्या दोघांनी आपसात ठरवायचं असतं. ही ठरवाठरवी पोर्टच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका रोधकावर चालते.

पहिला प्रश्न आणि त्याचं उत्तर

यूएसबी-सीच्या सॉकेटमध्ये २४ संपर्क असतात. चार विजेचे, चार जमिनीचे, बरेचसे माहितीचे. आपल्या कामाचे दोन आहेत, त्यांना सीसी१ आणि सीसी२ म्हणतात. केबलमध्ये त्यांच्यासाठी एकच तार असते. पिन ज्या बाजूने बसेल त्याप्रमाणे ती दोहोंपैकी एकाला जोडली जाते, आणि त्यावरूनच पिन सुलटी आहे की उलटी हे यंत्राला कळतं.

वीज देणारं यंत्र या संपर्काला एका रोधकातून वर, म्हणजे धन व्होल्टेजकडे ओढून धरतं. वीज घेणारं यंत्र त्याच संपर्काला ५.१ किलोओहमच्या रोधकातून खाली, जमिनीकडे ओढतं. दोघं जोडले गेले की त्या तारेवर मधलंच एक व्होल्टेज तयार होतं. देणाऱ्याला कळतं की समोर कोणीतरी घेणारा आहे. मगच तो मुख्य तारेवर पाच व्होल्ट सोडतो. तोवर ती तार कोरडी असते. भिंतीला लावलेल्या नियमात बसणाऱ्या यूएसबी-सी चार्जरच्या मोकळ्या टोकाला वीज नसते, ती यामुळे.

आता माझ्या उजव्या पोर्टचं पाहा. ते केवळ देणारं पोर्ट आहे, त्यामुळे तेही आपला संपर्क वरच ओढतं. चार्जरही वरच ओढतो. खाली ओढणारं कोणीच नाही. दोघांनाही वाटतं की समोर कोणी जोडलेलंच नाही. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण संपली असेल तर उजवं पोर्ट काहीच ओढत नाही, आणि चार्जरच्या दृष्टीने ती रिकामी तारच राहते. म्हणून ना ठिणगी, ना सूचना, ना दिवा. रात्रभर काहीच घडत नाही. यात नुकसानही नसतं. नियमाने बनलेला चार्जर चुकीच्या पोर्टला लावला तर काही जळत नाही, फक्त सकाळ वाया जाते.

डाव्या पोर्टची तऱ्हा वेगळी. ते दोन्ही भूमिका करू शकतं. मोकळं असताना ते सेकंदाला दहा ते वीस वेळा पवित्रा बदलतं: क्षणभर वर ओढतं, क्षणभर खाली. समोर चार्जर आला की ते घेणारं होतं, पेन ड्राइव्ह आला की देणारं. शिवाय बॅटरी पार संपली तरी त्याचा खाली ओढणारा रोधक कामावर असतो, कारण त्याला चालायला लॅपटॉपची वीज लागत नाही. मेलेल्या लॅपटॉपला जागं करण्याचा रस्ता म्हणूनच त्या एका पोर्टमधून जातो.

इथे काकूंची टाकीची उपमा जरा अपुरी पडते. पाइपात पंप पाणी आंधळेपणाने ढकलतो. चार्जर आधी विचारतो. पाच व्होल्ट सुरू झाले की त्याच सीसी तारेवरून खरी बोलणी होतात, त्यांना पॉवर डिलिव्हरी म्हणतात. चार्जर आपली यादी पाठवतो: माझ्याकडे ५, ९, १५ आणि २० व्होल्ट आहेत, प्रत्येकाला इतके अँपियर. लॅपटॉप त्यातून एक मागतो. चार्जर होकार देतो, व्होल्टेज चढवतो आणि तयार असल्याचं कळवतो. बहुतेक लॅपटॉप वीस व्होल्ट मागतात. साध्या केबलमधून तीन अँपियर, म्हणजे ६० वॅटपर्यंत मिळतात. त्यापुढे जायचं तर केबलच्या टोकात ओळख सांगणारी चिप असावी लागते. तशा केबलमधून पाच अँपियर आणि १०० वॅट जातात. मे २०२१ मध्ये आलेल्या सुधारित मानकाने ही मजल ४८ व्होल्ट आणि २४० वॅटपर्यंत नेली. अडीच वॅटच्या तारेने पंचवीस वर्षांत गाठलेला हा पल्ला आहे.

पॉवर बँकेने केलेली चोरी

आता त्या संध्याकाळच्या वीस मिनिटांचा हिशेब लागतो. पॉवर बँकसुद्धा दोन्ही भूमिका करते, कारण एकाच सी पोर्टमधून ती भरते आणि देतेही. मी ती लॅपटॉपच्या उजव्या पोर्टला जोडली. ते पोर्ट फक्त देणारं. पॉवर बँकेचा पवित्रा वर-खाली होत होता. खाली ओढण्याच्या क्षणी दोघांचं जमलं. लॅपटॉप देणारा झाला आणि पॉवर बँक घेणारी.

माझ्या लॅपटॉपची बॅटरी ५४ वॅट-तासांची आहे. अकरा टक्के म्हणजे जवळपास सहा वॅट-तास. नुसतं लिहिण्याच्या कामाला लॅपटॉप सुमारे दहा वॅट खातो, म्हणजे छत्तीस मिनिटं मिळायला हवी होती. पण उजवं पोर्ट पाच व्होल्टवर दीड अँपियर, म्हणजे साडेसात वॅट बाहेर देत होतं. एकूण खर्च साडेसतरा वॅट. सहाला साडेसतराने भागलं की वीस मिनिटं येतात, आणि पडदा काळा झाला तो वीस मिनिटांनीच. अंधारात मी लॅपटॉपची उरलीसुरली वीज पॉवर बँकेत ओतत होतो.

ही गफलत ओळखायची खूण सोपी आहे. पॉवर बँकेवरचे चार दिवे एकामागून एक पळताना दिसले तर ती भरते आहे. लॅपटॉपच्या पडद्यावर बॅटरीच्या चित्रावर चार्जिंगची खूण नसेल तर लगेच पिन काढावी. दोन्ही भूमिका करणाऱ्या पोर्टला जोडूनही कधीकधी हा उलटा कारभार होतो. तेव्हा बहुतेक पॉवर बँकांचं बटण एकदा दाबलं की ती देण्याच्या बाजूला वळते. केवळ देणाऱ्या पोर्टवर मात्र बटणाचा उपयोग नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आंजर्ल्याच्या दापोली तालुक्यात विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावं कित्येक दिवस अंधारात होती. अशा वेळी गाडीच्या बॅटरीवर आणि पॉवर बँकेवरच भिस्त असते, आणि तेव्हा कोणतं भोक घेणारं आहे हे आधीच माहीत असावं लागतं.

कंपनी एकावरच का थांबते

दोन्ही पोर्टं घेणारी करायला काय अडचण, असा प्रश्न साहजिक आहे. काही लॅपटॉपांत ती तशी असतातही. पण प्रत्येक घेणाऱ्या पोर्टमागे बराच पसारा उभा करावा लागतो. बोलणी करणारी चिप लागते. वीस व्होल्ट आणि पाच अँपियर पेलणारे दोन इलेक्ट्रॉनिक स्विच पाठीला पाठ लावून बसवावे लागतात, म्हणजे वीज दोन्ही दिशांना अडवता येते. नाहीतर डावीकडून आलेले वीस व्होल्ट उजव्या पोर्टच्या उघड्या संपर्कांवर जाऊन बसतील. दोन चार्जर एकाच वेळी लावले तर कोणाचं घ्यायचं हे ठरवणारं सॉफ्टवेअर लागतं. सहसा लॅपटॉप मोठ्या चार्जरला आत घेतो आणि दुसऱ्याचं दार बंद ठेवतो. ६५ आणि ६५ मिळून १३० वॅट होत नाहीत.

खर्चाइतकंच महत्त्वाचं कारण जागेचं आहे. बॅटरी भरणारं सर्किट मुख्य बोर्डावर एका बाजूला असतं, आणि त्याच बाजूचं सी पोर्ट थेट बोर्डावर डाखलेलं असतं. स्वस्त लॅपटॉपात पलीकडच्या बाजूची पोर्टं एका छोट्या वेगळ्या बोर्डावर असतात, आणि तो बोर्ड पातळ चपट्या पट्टीने मुख्य बोर्डाला जोडलेला असतो. त्या पट्टीतून माहिती आणि पाच व्होल्टची थोडी वीज आरामात जाते. ६५ वॅट न्यायचे तर जाड तांबं हवं. म्हणून अशा लॅपटॉपांत घेणारं पोर्ट बहुधा एकाच बाजूला सापडतं.

नियम काय सांगतात

यूएसबी-सीचं मूळ मानक पोर्ट घेणारं असलंच पाहिजे असं म्हणत नाही. आकार तोच ठेवून क्षमता निवडण्याची मुभा ते कंपनीला देतं. थंडरबोल्ट ४ हे इंटेलचं अधिक कडक प्रमाणपत्र. तेही किमान एका पोर्टमधून चार्जिंग व्हावं एवढंच मागतं. त्यामुळे दोन पोर्टांवर विजेच्या बाणाची खूण असली तरी दोन्ही चार्ज करतील याची हमी नसते. अॅपलने २०१६ च्या मॅकबुक प्रोपासून डाव्या-उजव्या कोणत्याही सी पोर्टमधून चार्जिंग दिलं. आपण "दोन्हीकडून होतं" असं गृहीत धरतो त्यामागे त्या अनुभवाचा मोठा वाटा आहे.

युरोपीय संघाच्या समान चार्जर निर्देशानुसार फोनसारख्या वस्तूंना २८ डिसेंबर २०२४ पासून आणि लॅपटॉपांना २८ एप्रिल २०२६ पासून यूएसबी-सी चार्जिंग बंधनकारक ठरलं. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने यूएसबी-सीसाठी आयएस/आयईसी ६२६८०-१-३ : २०२२ हे मानक स्वीकारलं. या दोन्हींचा रोख चार्जर एकसारखा व्हावा याकडे आहे. लॅपटॉपला असं एक पोर्ट असलं की युरोपचं काम भागतं; शेजारच्या दुसऱ्या पोर्टाने काय करावं हा त्यांचा प्रश्न नाही.

तो प्रश्न थेट हाताळला मायक्रोसॉफ्टने. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीसाठी हार्डवेअर प्रमाणपत्र हवं असेल तर लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टांनी माहिती, चार्जिंग आणि बाहेरचा पडदा ही तिन्ही कामं केली पाहिजेत, असं त्या कंपनीने २०२५ मध्ये स्पष्ट केलं. माझ्या मते ही योग्य जागी घातलेली अट आहे, कारण ती चार्जरकडे न पाहता पोर्टकडे पाहते. मर्यादा एवढीच, की आधी विकले गेलेले लॅपटॉप तिने बदलत नाहीत. आज घरोघरी जे आहेत त्यांच्यासाठी आपणच शोध घ्यायचा.

ओळखायचं कसं

पोर्टजवळची चित्रं उपयोगी पडतात, पण त्यांच्यावर विसंबता येत नाही. पोर्टपाशी पिनेचं किंवा प्लगचं चित्र असेल तर ते बहुधा घेणारं. बॅटरीचं चित्र मात्र फसवतं. यूएसबीच्या खुणेभोवती बॅटरीची चौकट ही पॉवर डिलिव्हरीची अधिकृत खूण आहे, पण लॅपटॉप बंद असतानाही फोन चार्ज करणाऱ्या पोर्टवर काही कंपन्या तसंच बॅटरीचं किंवा विजेचं चित्र छापतात. तिथे अर्थ नेमका उलट होतो.

सगळ्यात खात्रीचा पुरावा म्हणजे त्या नेमक्या मॉडेलच्या माहितीपत्रकातली पोर्टांची ओळ. एका पोर्टपुढे 'पॉवर डिलिव्हरी' आणि 'डिस्प्लेपोर्ट' लिहिलेलं असेल आणि दुसऱ्यापुढे फक्त वेग किंवा 'डेटा ट्रान्स्फर ओन्ली' असेल, तर निकाल लागला. न लिहिलेली गोष्ट नाही असं समजावं. एकाच नावाच्या लॅपटॉपचे स्वस्त-महाग प्रकार असतात आणि त्यांची पोर्टं वेगळी असू शकतात, म्हणून मागच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन पाहावं.

लिनक्स वापरणाऱ्यांना यंत्रालाच विचारता येतं:

```
cat /sys/class/typec/port*/power_role
```

उत्तरात `[source]` एवढंच आलं तर ते पोर्ट फक्त देणारं. `source [sink]` आलं तर ते दोन्ही करतं आणि आत्ता घेतंय. काही लॅपटॉपांत सगळी पोर्टं या यादीत दिसत नाहीत. तेव्हा प्रत्यक्ष चार्जर लावून पाहणं उरतंच.

पुतण्याकडे केबलच्या मध्ये बसणारा बोटभर लांबीचा यूएसबी मीटर होता. तो स्वस्त असतो आणि तीन शक्यता स्पष्ट वेगळ्या करतो. उजव्या पोर्टला लावला तेव्हा मीटरचा पडदा उजळलाच नाही: चार्जरने पाच व्होल्टही सोडले नव्हते, म्हणजे समोर घेणारा सापडलाच नाही. डावीकडे लावला तर आधी पाच, आणि लगेच १९.८ व्होल्ट, २.९ अँपियर; सुमारे ५७ वॅट आत जात होते. तिसरी शक्यता त्याने माझ्या फोनच्या जुन्या केबलने दाखवली, जिचं एक टोक चपटं होतं. आकडा पाचवरच अडकला आणि लॅपटॉपने चार्जिंगची खूण दाखवलीच नाही. तशा केबलमधून पॉवर डिलिव्हरीची बोलणी होतच नाहीत. पोर्ट बरोबर असूनही केबल चुकीची असली की असं दिसतं.

खारा वारा आणि खरा बिघाड

पूर्वी दोन्हीकडून चार्ज होणारा लॅपटॉप आता एकाच पोर्टमधून होत असेल, तर तो मुद्दा रचनेचा राहत नाही. तो बिघाड असतो. समुद्रकाठी त्याचं एक खास कारण आहे. सॉकेटमधले संपर्क एकमेकांपासून अवघ्या अर्ध्या मिलिमीटरवर असतात, आणि सीसीचा संपर्क विजेच्या संपर्काला अगदी लागून आहे. खाऱ्या हवेचा ओलसर थर दोघांमध्ये साचला की वीस व्होल्ट पाझरून सीसीवर जाऊ शकतात, आणि त्यामागची चिप साधारण पाच व्होल्टांसाठीच बनलेली असते. चांगल्या लॅपटॉपात याला संरक्षण असतं. नसेल तर ती चिप जाते आणि पोर्ट वीज घेणं सोडून देतं.

त्याआधी एक सोपी चाचणी करावी. पिन काढून उलटी करून घालावी. एका बाजूने चार्ज होतं आणि दुसऱ्या बाजूने नाही, असं झालं तर सीसी१ किंवा सीसी२ पैकी एक संपर्क मळला किंवा झिजला आहे. हीच चाचणी दुसऱ्या केबलने करून दोष केबलचा नाही ना हे पाहावं. पिन पूर्ण आत न जाता किंचित बाहेर राहत असेल तर तळाशी कापसासारखी धूळ दाबून बसलेली असते. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, लाकडी टूथपिकने ती अलगद उकरावी. सुई किंवा टाचणी घालू नये; मधली जीभ पातळ असते आणि तिच्यावरचे संपर्क उखडतात.

दोन्ही पोर्टं एकदम गेली तर संशय केबल किंवा चार्जरवर घ्यावा. गूगलमधले अभियंते बेन्सन लेउंग हे बाजारातल्या यूएसबी-सी केबली तपासत असत. फेब्रुवारी २०१६ मध्ये एका केबलने त्यांचा क्रोमबुक पिक्सेल निकामी केला: तिच्यात वीज आणि जमीन या तारांची अदलाबदल झाली होती. लॅपटॉपची दोन्ही सी पोर्टं गेली. स्वस्त केबल म्हणजे वाईट केबल असं नाही, पण तिच्यातली चूक लॅपटॉपला महागात पडते हे त्या प्रसंगाने दाखवलं.

एका पोर्टावर संसार

घेणारं पोर्ट एकच असेल तर त्याच्यावरच सगळा भार येतो, कारण बाहेरच्या पडद्याची सोयही बहुधा त्याच पोर्टात असते. चार्जर लावला की पडदा नाही, पडदा लावला की चार्जर नाही. यावर उपाय म्हणजे चार्जिंग आत नेणारा हब. तो घेणाऱ्या पोर्टला लावायचा आणि चार्जर हबला. हब स्वतःसाठी दहा-पंधरा वॅट राखून ठेवतो, म्हणून ६५ चा चार्जर लावला तर लॅपटॉपला पन्नासच्या आसपास मिळतात. लिखापढीला ते पुरतं, जड कामाला कमी पडतं. हाच हब दुसऱ्या पोर्टला लावला तर माऊस आणि पेन ड्राइव्ह चालतील, पण चार्जिंग होणार नाही आणि पडदाही बहुधा येणार नाही. "हब अर्धाच चालतो" ही तक्रार पुष्कळदा इथून येते.

दुसरी काळजी झिजेची. सी सॉकेट दहा हजार वेळा घाल-काढ सोसेल अशा हिशेबाने बनवतात. दिवसाला चार वेळा म्हटलं तरी सहा-सात वर्षं निघतात. सॉकेट मरतो तो मोजून होणाऱ्या झिजेने कमी आणि तिरक्या ओढीने जास्त: केबलवर पाय पडतो, लॅपटॉप मांडीवर असताना पिन दाबली जाते. थेट मुख्य बोर्डावर डाखलेलं पोर्ट तुटलं तर दुरुस्ती अवघड होते. म्हणून पेन ड्राइव्ह, फोन, माऊस अशी किरकोळ कामं देणाऱ्या पोर्टावर ढकलावीत आणि घेणारं पोर्ट शक्यतो चार्जरपुरतं ठेवावं. त्या दुसऱ्या पोर्टचा हा खरा उपयोग आहे.

निघताना पुतण्याने काकूंची नेलपॉलिशची बाटली आणली आणि लॅपटॉपच्या डाव्या पोर्टशेजारी एक लाल ठिपका लावून दिला. कंपनीने कारखान्यातच छापायला हवा होता, तो ठिपका आंजर्ल्यात लागला. आता अंधारात पिन खुपसायच्या आधी मी मोबाईलच्या उजेडात तो शोधतो.